बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं उजवीकडे उतरतं तेव्हा

*माझा मुलगा चौदा वर्षांचा. दोन महिन्यांपूर्वी गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास त्याचं बेंबीपाशी दुखायला लागलं. ओवा दिला, बेंबीला हिंग लावला. रात्री एक उलटी झाली. शुक्रवारी सकाळी दुखणं खाली उजवीकडे आलं. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दिवसभर जरा बरं होतं. शनिवारी सकाळी म्हणाला, ‘आता दुखत नाही.’ आम्ही म्हटलं, देव पावला. दुपारी 102 ताप आणि पोट टणक. रात्री ऑपरेशन झालं, अपेंडिक्स फुटलेलं होतं. दहा दिवस दवाखान्यात काढले. आता नऊ वर्षांच्या मुलीचं पोट दर आठ-पंधरा दिवसांनी दुखतं आणि माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. सासूबाई म्हणतात, इंजेक्शनमुळेच फुटलं. नवरा म्हणतो, दर वेळी चाळीस किलोमीटरवर सर्जनकडे पळायचं का? अपेंडिक्स उजवीकडे असतं, तर आधी बेंबीपाशी का दुखलं? मुलीचं ओळखायचं कसं? की तिचं आधीच काढून टाकावं?*

*— एक आई, तालुक्याच्या गावाहून*

ताई, आधी बेंबीचं कोडं सोडवू. ते सुटलं की मुलीच्या पोटदुखीत काय बघायचं, हेही बरंचसं उलगडेल.

लहान आतडं संपून मोठं आतडं जिथं सुरू होतं, तिथं खाली उजव्या बाजूला अपेंडिक्स लोंबत असतं. साधारण सहा ते नऊ सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला बंद असलेली ही बारीक नळी. तिचं तोंड मुळातच अरुंद असतं. तिथं घट्ट झालेल्या मळाचा खडा अडकतो, किंवा मुलांमध्ये एखाद्या संसर्गानंतर नळीच्या अस्तरातल्या लसिका ग्रंथी सुजतात आणि तोंड बंद होतं. आत चिकट स्राव तयार होणं मात्र थांबत नाही. जागा इवलीशी, बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे नळी फुगायला लागते. तुमच्या मुलाच्या बाबतीत गुरुवारी संध्याकाळी सात वाजता बहुधा हेच चाललं होतं.

आता गंमत अशी की आतडं कापलेलं किंवा भाजलेलं त्याला फारसं कळत नाही, पण ताणलेलं लगेच कळतं. हा ताण मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसा मात्र नेमका पत्ता सांगत नाहीत. गर्भात असताना पचननलिकेचे तीन भाग असतात, आणि पुढे त्यातून कितीही अवयव तयार झाले तरी प्रत्येक भागाच्या नसा एकत्रच पाठीच्या कण्यात शिरतात. चाळीतल्या एका मजल्याला एकच सामाईक मीटर असावा तसं हे आहे: मजला कळतो, खोली कळत नाही. लहान आतडं, अपेंडिक्स आणि मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग हे सगळे मधल्या भागातून तयार होतात. त्यांच्या नसा छातीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूला मिळतात, आणि बेंबीभोवतीच्या त्वचेच्या नसाही त्याच पातळीवर येतात. त्यामुळे अपेंडिक्स फुगलं की मेंदू ते दुखणं बेंबीच्या नावावर लिहितो. हे दुखणं बोथट, खोल, नेमकं कुठं ते न सांगता येणारं असतं. मूल कुठं दुखतंय म्हणून विचारल्यावर तळहात बेंबीभोवती फिरवतं, कूस बदलत राहतं, कधी पोटाशी पाय घेतं. मळमळ आणि एखाददुसरी उलटी याच टप्प्यावर होते. गुरुवारी रात्री हिंग-ओव्याकडे हात गेला तो चुकीच्या समजुतीने नव्हे. तेव्हा दुखणं खरोखरच बेंबीपाशी होतं.

पुढे नळीतला दाब वाढतो, आत अडकलेले जंतू वाढतात, सूज भिंतीच्या आरपार जाऊन बाहेरच्या बाजूला पोचते. पोटाच्या भिंतीला आतून एक पातळ अस्तर असतं, त्याला उदरावरण म्हणतात. सुजलेलं अपेंडिक्स या अस्तराला टेकलं की दुसऱ्या प्रकारच्या नसा कामाला लागतात. त्या त्वचेच्या नसांसारख्याच असतात आणि जागा बोटभर अंतरात सांगतात. म्हणजे दुखणं ‘सरकलं’ असं आपण म्हणतो, पण आत काहीच सरकलेलं नसतं. अपेंडिक्स पहिल्यापासून तिथंच होतं. फक्त आता अस्तर बोलायला लागलं. उजव्या कमरेच्या हाडाचं पुढे आलेलं टोक हाताला लागतं, तिथून बेंबीपर्यंत एक रेघ मनात ओढा. त्या रेघेवर हाडापासून एक तृतीयांश अंतरावर सर्वांत जास्त दुखतं. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी या सर्जननं 1889 मध्ये ही जागा नोंदवली, अजूनही सर्जन पहिलं बोट तिथंच ठेवतात.

या दुसऱ्या दुखण्याचा स्वभाव पहिल्यापेक्षा अगदी वेगळा असतो. अस्तर हललं की दुखतं. म्हणून रात्रभर तळमळणारं मूल आता हलायलाच तयार नसतं. उजवा गुडघा किंचित वाकवून पडून राहतं, चालताना उजवीकडे वाकून एक हात पोटावर ठेवून चालतं, खोकला दाबून धरतं, रिक्षा खड्ड्यातून गेली की ओरडतं. घरातल्या माणसांना हा बदल ‘आता शांत पडलाय’ असा वाटतो. तळमळ थांबून मूल निश्चल झालं, हे बरं वाटण्याचं लक्षण धरू नका.

म्हणून ‘उजवीकडे दुखलं तरच अपेंडिक्स’ या समजुतीला धोका आहे. दुखणं उजवीकडे उतरेपर्यंत सूज नळीच्या भिंतीबाहेर आलेली असते. पहिल्या दुखण्यापासून इथवर काही तास लागू शकतात किंवा एखादा दिवसही. ‘उजवीकडे येतंय का बघू’ म्हणून वाट पाहणं म्हणजे आजाराला दुसरा टप्पा गाठू देणं.

जागेपेक्षा क्रम जास्त उपयोगी पडतो. अपेंडिक्समध्ये आधी दुखतं, मग भूक मरते, मग मळमळ किंवा उलटी, मग दुखणं उजवीकडे, आणि ताप त्यानंतर. सुरुवातीचा ताप बेताचा असतो, 99.5 ते 101 च्या आसपास. याउलट आधी उलट्या-जुलाब सुरू झाले आणि पोटात मुरडा नंतर आला, तर पोट बिघडलेलं असण्याची शक्यता जास्त. आवडता पदार्थ समोर ठेवल्यावर मूल ताट ओढून खायला बसलं, तर अपेंडिक्सची शंका बरीच कमी होते. नाहीशी होत नाही, पण कमी होते.

आता शनिवारची सकाळ. हा तुमच्या मुलाच्या आजारातला सर्वांत फसवा टप्पा होता. दाब वाढत गेला की आधी नळीतलं रक्त परत नेणाऱ्या शिरा दबतात, मग रक्त आणणारी धमनीही. अपेंडिक्सला रक्त पुरवणारी ही एकटीच बारीक धमनी असते. ती बंद पडली तर शेजारून रक्त यायची सोय नाही. भिंतीचा एखादा भाग काळा पडतो, मरतो आणि तिथं भोक पडतं. भोक पडताच आतला दाब उतरतो, फुगल्याचं दुखणं थांबतं. मूल म्हणतं, आता बरं वाटतंय. हे बरं वाटणं काही तासांचं असतं. तेवढ्यात पू आणि मळातले जंतू पोटाच्या पोकळीत पसरतात, आणि मग ताप, धाप, टणक पोट, सगळीकडे दुखणं. उजवीकडे ठरलेल्या जागी वाढत चाललेलं दुखणं एकाएकी थांबलं, आणि मुलाची नाडी अजून जोरात चालते आहे, खायचं नाव नाही, चेहरा ओढलेला आहे, तर तीच दवाखान्याकडे निघण्याची वेळ. खरोखर बरं होणारं मूल दुखणं थांबल्यावर खायला मागतं आणि उठून फिरतं.

मुलांमध्ये हे पसरणं जास्त वाईट असतं. मोठ्या माणसाच्या पोटात चरबीची एक झालर असते, ती सुजलेल्या जागेभोवती गुंडाळली जाते आणि पू एका कोपऱ्यात अडवते. लहान मुलांत ती झालर आखूड आणि पातळ असते. पाच वर्षांखालच्या मुलांना तर दुखणं नीट सांगताही येत नाही, त्यामुळे बरीचशी मुलं फुटलेल्या अवस्थेतच सर्जनकडे पोचतात.

सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. इंजेक्शननं अपेंडिक्स फुटत नाही. पूर्वी सर्जनच म्हणायचे की निदान होईपर्यंत दुखणं दाबू नका. आता दवाखान्यात दाखल केल्यावर वेदनाशामक देतात, कारण त्यानं निदान बिघडत नाही हे अभ्यासांतून दिसलं आहे. फरक इतकाच की तिथं दर काही तासांनी कुणीतरी पोटावर हात ठेवून बघत असतं. तुमच्या मुलाला दुखणं उजवीकडे आल्यावर इंजेक्शन मिळालं आणि पुढे कुणी पुन्हा तपासलं नाही. औषधाचा अंमल असेपर्यंत खबर बंद झाली, आजार चालूच राहिला. ‘इंजेक्शन का दिलं’ यापेक्षा ‘परत कधी दाखवू’ हा प्रश्न कामाचा होता. गुरुवारी रात्री निष्णात सर्जनलाही खात्रीनं सांगता आलं नसतं, हेही सासूबाईंना सांगा. शुक्रवारी सकाळी मात्र सांगता आलं असतं.

किती उशीर म्हणजे उशीर? पहिली कळ आल्यापासून मोजायचं. उपचार न घेता गेलेल्या पहिल्या 36 तासांत फुटण्याचं प्रमाण कमी असतं; अमेरिकेतल्या एका अभ्यासात ते दोन टक्क्यांच्या आत होतं आणि 36 तासांनंतर दर बारा तासांमागे सुमारे पाच टक्के धोका राहिला. ही सरासरी आहे, काहींचं त्याआधीही फुटतं. लहान मुलांत आणि वयस्करांत हा हिशेब आणखी घट्ट धरायचा. गुरुवार सायंकाळी सातपासून 36 तास म्हणजे शनिवारी सकाळी सात. दुखणं थांबलं ते त्याच सुमारास. शुक्रवारी सकाळी, साधारण बारा-चौदा तासांवर, मुलगा सर्जनसमोर असता तर बहुधा दुर्बिणीतून न फुटलेलं अपेंडिक्स निघालं असतं आणि एक-दोन दिवसांत घरी आला असता.

उशिराबद्दल एक दिलासाही द्यायला हवा. दवाखान्यात पोचल्यावर, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू झाल्यावर, साधं न फुटलेलं अपेंडिक्स असेल तर सर्जन रात्री दोन वाजता ऑपरेशन न करता सकाळी करतात. त्यावर भांडू नका. ते थांबणं नजरेखालचं असतं.

आता तुमची मुलगी. दर आठ-पंधरा दिवसांनी बेंबीपाशी दुखणं, तासा-दोन तासांत थांबणं, मधल्या दिवसांत खाणं-खेळणं नीट असणं, वजन वाढत असणं, ही या वयात फार नेहमीची पोटदुखी आहे. बद्धकोष्ठ हे तिचं मोठं कारण. शौचाला रोज होते का, खडा होतो का, जोर लावावा लागतो का, हे आधी बघा. अपेंडिक्स सहसा असं येत-जात महिनोन्‌महिने चालत नाही. ते एकदा सुरू झालं की मध्ये पूर्ण मोकळीक देत नाही, तासागणिक वाढतं. भावाला झालं म्हणून बहिणीचा धोका जास्त असतो, हे खरं. पण तेवढ्यावरून प्रत्येक कळ अपेंडिक्सची ठरत नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, शौचातून रक्त, हिरवी उलटी, वजन घटणं किंवा लघवीला जळजळ असेल तर अपेंडिक्सचा विचार बाजूला ठेवूनही बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं.

पुढच्या वेळी पोट दुखलं की पहिलं काम: घड्याळ बघून वेळ कागदावर लिहा. ‘काल संध्याकाळपासून’ आणि ‘काल सातपासून’ यात डॉक्टरांच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. मग तिला एका बोटानं जागा दाखवायला सांगा. तळहात फिरवते की बोट टेकवते, बोट कुठं टेकवते, तेही लिहा. मग खोकायला सांगा. मग उजव्या पायावर लंगडी घालायला सांगा, दोन-तीन उड्या पुरे. हसत लंगडी घातली तर अस्तर अजून शांत आहे. पहिल्याच उडीला पोट धरून थांबली, किंवा उडी मारायलाच नको म्हणाली, तर निघा. पोट दाबून बघायचं असेल तर ती बोलत असताना डाव्या बाजूनं सुरुवात करून हलक्या, सपाट हातानं दाबा आणि चेहऱ्याकडे बघा. डावीकडे दाबल्यावर उजवीकडे दुखलं तर ती खूण महत्त्वाची. खोल दाबून झटकन हात काढण्याची परीक्षा घरी करू नका. त्यातून मिळणारं लंगडीतून मिळतंच, आणि मूल घाबरून पुढे कुणालाच हात लावू देत नाही.

दर दोन तासांनी हेच पुन्हा. सहा तास होऊन गेले, मध्ये एकदाही पूर्ण थांबलं नाही, तर दुखणं कुठंही असो, डॉक्टरांचा हात पोटावर पडला पाहिजे. दुखणं उजवीकडे उतरलं, लंगडी घालवेना, पोट कडक लागलं, किंवा दुखण्यामागून ताप आला, तर सहा तासांचीही वाट नाही. तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: दर वेळी चाळीस किलोमीटर पळायचं नाही, पण या खुणा दिसल्या तर सकाळ होण्याची वाटही बघायची नाही. गाडीची सोय नसेल तर 108 ला फोन करा.

मधल्या वेळात काही गोष्टी घरात होऊ देऊ नका. एरंडेल, जुलाबाचं चूर्ण, एनिमा यांनी आतडं जोरात आकुंचन पावतं आणि तुंबलेल्या नळीवर ताण येतो. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणं तर अजिबात नको. गरम पाण्याच्या पिशवीनं दुखणं तात्पुरतं दबतं आणि खुणा पुसट होतात, म्हणून तीही बाजूला ठेवा. मागच्या आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या देणं फार वाईट, कारण त्यानं आजार अर्धवट दबून दोन-तीन दिवसांनी गळू होऊन वर येतो. पॅरासिटामॉलचा एक डोस वजनाच्या हिशेबानं देता येतो. किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे 24 किलोच्या मुलीला 360. पाच मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम असं लिहिलेल्या सिरपचे सुमारे सात मिलिलिटर. दिलं की वेळ लिहा. त्यानं आराम पडला तरी दाखवायला जाणं रद्द करायचं नाही. संशय बळावला की घन अन्न आणि दूध बंद करा, पाण्याचे घोट चालतील. ऑपरेशनची वेळ आली तर भुलेसाठी शेवटचं खाणं सहा तास आधीचं असावं लागतं.

तपासण्यांवरही थोडं बोलू, कारण घरचे लोक रिपोर्ट बघून निर्धास्त होतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या वर जाणं आणि सीआरपी नावाचं प्रथिन वाढणं ही सुजेची खूण आहे, पण पहिल्या काही तासांत दोन्ही साधेच येऊ शकतात. लघवीत थोड्या पूपेशी सापडल्या की ‘लघवीचं इन्फेक्शन’ म्हणून पाठवलं जातं. सुजलेलं अपेंडिक्स मूत्रवाहिनीला किंवा मूत्राशयाला टेकलेलं असेल तरीही त्या दिसतात. मुलांत पहिली तपासणी सोनोग्राफी, कारण त्यात किरणं नाहीत. दाबल्यावर न चपटणारी, सहा मिलिमीटरपेक्षा जाड नळी दिसली तर निदान जवळजवळ पक्कं. रिपोर्टमध्ये ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ असं लिहिलं असेल तर ते ‘अपेंडिक्स चांगलं आहे’ असं वाचू नका. आतड्यातल्या हवेमुळे ते बऱ्याचदा दिसतच नाही. अशा वेळी सहा ते बारा तासांनी पुन्हा पोट तपासणं आणि रक्त पुन्हा बघणं हा उत्तम मार्ग असतो, गरज वाटली तर सीटी स्कॅन. डॉक्टर ‘आत्ता तरी खात्री नाही’ म्हणाले तर नाराज होऊ नका, फक्त विचारा: किती वाजता परत आणू, आणि त्याआधी काय दिसलं तर लगेच येऊ?

इथवर सांगितलेला क्रम सगळ्यांत दिसत नाही. बेंबीकडून उजवीकडे असा ठरलेला प्रवास साधारण निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त रुग्णांतच होतो. अपेंडिक्सचं मूळ ठरलेलं असतं, टोक मात्र कुठंही वळलेलं असू शकतं. ते मोठ्या आतड्याच्या मागे गेलं असेल तर पोट मऊ राहतं आणि कुशीत, पाठीत दुखतं. पाय सरळ मागे ताणला की जास्त दुखतं. ओटीपोटात खाली उतरलं असेल तर वारंवार लघवीला लागतं किंवा थोडीथोडी शेमयुक्त पातळ शौचास होते, आणि सगळे म्हणतात पोट बिघडलं. थोडीथोडी शौच आणि त्याच्या मानानं फार जास्त दुखणं, हे जुळत नाही असं वाटलं की पुन्हा दाखवा. गरोदरपणात गर्भाशय वाढेल तसं दुखणं वरच्या बाजूला जाणवू शकतं. साठी-सत्तरीतल्या माणसांना ना फार दुखतं ना फार ताप येतो, आणि तरी आत फुटलेलं असतं.

उजवीकडे दुखतं ते सगळं अपेंडिक्सचंही नसतं, पण त्यातली काही कारणं तितकीच घाईची असतात. तरुण मुलाच्या खालच्या पोटात अचानक जोराची कळ आली तर अंडकोषाला पीळ पडला नाही ना हे बघायला हवं. मुलगे लाजेपोटी पोटच दाखवतात, आणि तो पीळ सहा तासांत सुटला नाही तर अंडकोष वाचणं कठीण होतं. पाळी सुरू झालेल्या मुलींत आणि बायकांत बीजकोषाची गाठ फुटणं, बीजकोषाला पीळ पडणं, किंवा गर्भ बीजवाहिनीत राहणं असू शकतं, म्हणून डॉक्टर शेवटच्या पाळीची तारीख विचारतात आणि गर्भ राहिला आहे का हे तपासतात. लग्न झालेलं असो वा नसो, त्या तपासणीला आडवं जाऊ नये.

मुलीचं अपेंडिक्स आधीच काढून टाकण्याचा विचार सोडून द्या. निरोगी मुलीला भूल देणं, पोटात उपकरणं घालणं आणि पुढे आतडी एकमेकांना चिकटण्याचा धोका पत्करणं, हे सगळं कदाचित कधीच न होणाऱ्या आजारासाठी होईल. ‘एकदा सोनोग्राफी करून खात्री करू’ याचाही उपयोग नाही. आजचं चांगलं अपेंडिक्स पुढच्या महिन्यात तुंबणार नाही असं त्या रिपोर्टमधून कळत नाही. तेच पैसे तिच्या बद्धकोष्ठाच्या उपचाराला लागू दे.

ऑपरेशनशिवाय नुसत्या अँटिबायोटिकनं बरं होतं असं तुमच्या कानावर येईल, आणि ते निराधार नाही. न फुटलेल्या, आत खडा नसलेल्या अपेंडिक्समध्ये दवाखान्यात शिरेतून औषध देऊन हा मार्ग घेता येतो. अमेरिकेत 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अँटिबायोटिक घेतलेल्या प्रौढांपैकी दहातल्या तिघांना तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन लागलं. फिनलंडच्या प्रौढांवरच्या अभ्यासात पाच वर्षांत दहातल्या जवळजवळ चार जणांना दुखणं उलटलं. खडा असेल तर हा मार्ग जास्त वेळा फसतो. सर्जनपासून चाळीस किलोमीटरवर राहणाऱ्या घरानं हा पर्याय निवडताना ते अंतरही हिशेबात धरावं. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी करण्याचा हा प्रयोग नाही.

मुलाबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण फुटलेल्या अपेंडिक्सनंतर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पोटात पू पसरला होता, त्यामुळे आतली आतडी काही जागी चिकटलेली असू शकतात. पुढे कधीही, अगदी काही वर्षांनीसुद्धा, पोट फुगलं, कळा येऊ लागल्या, हिरवट उलटी झाली आणि गॅस किंवा शौच सुटणं बंद झालं, तर आतडं अडकल्याची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोंडानं काहीही देऊ नका. दुसरी गोष्ट कागदांची. काढलेलं अपेंडिक्स सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात. तो रिपोर्ट तुमच्या हातात आला नसेल तर जाऊन मागून घ्या, सर्जनना दाखवा आणि डिस्चार्ज कार्डासोबत फाइलला लावून ठेवा.